स्वल्पविराम कुठे काढायचा : एका वार्षिक अहवालाच्या प्रुफावरून

कोथरूडमधल्या एका गृहरचना संस्थेचे सचिव दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेआधी अहवालाचं प्रूफ घेऊन माझ्याकडे येतात. त्यांचं आयुष्य बँकेत गेलं आणि तिथला पत्रव्यवहार सगळा इंग्रजीत. तरी त्यांचं मराठी चांगलं आहे, ऱ्हस्वदीर्घ तर फारसे चुकतच नाहीत. माझी लाल शाई त्यांच्या कागदावर सर्वांत जास्त खर्ची पडते ती स्वल्पविरामांवर. यंदाच्या अहवालातला हा परिच्छेद पाहा. आपण तोच शेवटपर्यंत दुरुस्त करणार आहोत.

> मागील वर्षी, संस्थेने अनेक उपक्रम राबविले. यामध्ये, वृक्षारोपण, रक्तदान शिबिर, आणि पर्जन्यजल संधारण यांचा समावेश होता. तथापि, निधीअभावी, लिफ्टच्या दुरुस्तीचे काम, पूर्ण होऊ शकले नाही. सभासदांनी, काम कधी सुरू होणार? असा प्रश्न विचारला. अध्यक्ष म्हणाले की, “हे काम मार्चपर्यंत पूर्ण होईल”. ‘पाणी वाचवा’ मध्ये ४२ सदनिकांनी भाग घेतला. सभासद, ज्यांनी देखभाल शुल्क भरलेले नाही, त्यांना नवे पार्किंग स्टिकर मिळणार नाहीत!! टीपः हिशेबाचे तक्ते सोबत जोडले आहेत.

अकरा स्वल्पविराम आहेत. दुरुस्तीनंतर दोन उरतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. ही चिन्हं आपल्याकडे आली ती इंग्रजीतूनच. मोडीत तर दोन शब्दांमध्ये जागा सोडायचीही रीत नव्हती, आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं. पोथ्यांमध्ये दंड होता, एकेरी आणि दुहेरी, तो मुख्यतः ओव्या-श्लोकांसाठी. गद्यातली विरामचिन्हं छापखान्याबरोबर रुळली. मेजर थॉमस कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटं पुस्तक १८५० साली काढलं. हे कँडी पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचं काम पाहत असत, म्हणजे ही गोष्ट तशी पुण्याचीच. म्हणून ‘हे चिन्ह परकं आहे, काढून टाका’ असं म्हणण्यात काही अर्थ नाही. चिन्ह घेतलं ते घेतलं. पण ते कुठे ठेवायचं हे मराठी वाक्याच्या बांधणीवर ठरायला हवं, आणि घोटाळा होतो तो तिथे.

आणखी एक अडचण आहे. साहित्य महामंडळाचे जे अठरा शुद्धलेखन नियम आपण पाळतो (चौदा १९६२ चे, चार १९७२ चे), ते अनुस्वार, ऱ्हस्वदीर्घ, सामान्यरूप अशा गोष्टींचे आहेत. स्वल्पविराम कुठे द्यावा हे ते सांगत नाहीत. शाळेच्या व्याकरणात पानभर तक्ता असतो, त्यापलीकडे प्रत्येक प्रकाशन आपापली पद्धत ठरवतं. पुढे मी जे सांगतो आहे त्यातलं काही व्याकरण आहे आणि काही माझी पद्धत. कुठलं काय ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

आधी क्रियापद शोधा

प्रूफ हातात आलं की मी स्वल्पविरामांकडे बघत नाही. पेन्सिलीने प्रत्येक वाक्यातल्या मुख्य क्रियापदाखाली रेघ मारतो. राबविले, होता, शकले नाही, विचारला, म्हणाले. मराठीत ते बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी असतं आणि आधीचं सगळं त्याच्याकडे वाहत जातं. मग उलटं वाचत यायचं : या क्रियापदाशी कोण कोण जोडलेलं आहे आणि त्याच्या वाटेत खडा कुठे पडला आहे?

‘मागील वर्षी, संस्थेने’ इथे पहिला खडा आहे. इंग्रजीत वाक्याच्या आरंभी काळ किंवा स्थळ आलं की पुष्कळदा स्वल्पविराम देतात, कारण तिथे कर्त्याची ओळख जागेवरून पटते. आधी काहीतरी वेगळं आलं तर ‘हा कर्ता नव्हे, कर्ता पुढे आहे’ असं वाचकाला सांगावं लागतं. मराठीत ते काम प्रत्यय करतात. ‘वर्षी’ या रूपातच काळ आहे, ‘संस्थेने’मध्ये कर्ता आहे. ‘यामध्ये’, ‘निधीअभावी’, ‘पावसामुळे’, ‘सभेनंतर’ या सगळ्यांच्या शेपटीला त्यांचं नातं बांधलेलंच आहे. त्यावर पुन्हा स्वल्पविराम म्हणजे दाराला कडी असताना वर दोरी बांधण्यासारखं. ‘-ऊन’, ‘-ताना’, ‘-ल्यावर’ यांनी संपणाऱ्या रचनांनाही हेच लागू. ‘सभा संपल्यावर, सर्वांनी चहा घेतला’ यातला स्वल्पविराम काढा आणि वाचा. काही हरवतं का?

सचिवांना हे पटलं, पण पुरतं नाही. “अहो, पण वाचताना मी तिथे थांबतो ना!” थांबता, खरं आहे. बोलताना आपण कुठेही श्वास घेतो. भाषणाच्या टिपणात तो श्वास दाखवायला हरकत नाही. अहवाल मात्र डोळ्यांनी वाचला जातो, आणि दर चार शब्दांनी ठेच लागली की वाचक वाक्याचा अर्थ सोडून ठेचा मोजू लागतो.

सर्वांत वाईट स्वल्पविराम ‘काम, पूर्ण होऊ शकले नाही’ इथे आहे. तो कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये बसला आहे. इंग्रजीतही ही चूकच धरतात, त्यामुळे हिचं खापर थेट इंग्रजीवर फोडता येणार नाही. ‘तथापि,’ आणि ‘निधीअभावी,’ असे दोन पडल्यावर हात तसाच चालत राहिला, एवढंच. ‘सभासदांनी, काम कधी’ इथे लेखकाला कर्त्यानंतर प्रश्न सुरू होतो हे दाखवायचं होतं. त्याकडे पुढे येऊ.

आता अपवाद, कारण तो खरोखर कामाचा आहे. याच अहवालात पुढे हे वाक्य होतं :

> लिफ्ट बंद पडल्यावर काल नेमलेल्या कंत्राटदाराला बोलावले.

लिफ्ट बंद पडल्यावर कंत्राटदाराला बोलावलं, की लिफ्ट बंद पडल्यावर नेमलेला जो कंत्राटदार, त्याला बोलावलं? ‘पडल्यावर’ हे जवळच्या ‘नेमलेल्या’ला चिकटतं की लांबच्या ‘बोलावले’ला, ते वाक्य सांगत नाही. इथे ‘पडल्यावर’पुढे स्वल्पविराम द्या, तो लांबच्या क्रियापदाकडे बोट दाखवतो. म्हणजे परीक्षा अशी : वाक्यात मुख्य क्रियापदाच्या आधी दुसरं एखादं क्रियारूप आहे का आणि आपला शब्दसमूह चुकून त्याला चिकटतो का? चिकटत असेल तर स्वल्पविराम ठेवा. नसेल तर काढा. शंभर ठिकाणी तपासलंत तर बहुतेक ठिकाणी तो निघेल.

‘आणि’, ‘तथापि’, ‘मात्र’

यादीत ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम नको. ‘आणि’ आणि स्वल्पविराम दोघंही एकच काम करतात, जोडण्याचं. इंग्रजीत यावर दोन पंथ आहेत आणि ते एकमेकांशी भांडत असतात, त्या भांडणात आपण पडायचं कारण नाही. फक्त यादीतल्या एखाद्या घटकातच ‘आणि’ असेल, जसं ‘चहा आणि बिस्किटे, पोहे, आणि सरबत आणि सुका मेवा’, तर स्वल्पविराम मदत करतो. तरी असं वाक्य मोडून नव्याने लिहिलेलं बरं.

‘तथापि,’ हा जुना ओळखीचा आहे. वाक्याच्या तोंडाशी ‘तथापि’, ‘परंतु’, ‘म्हणून’, ‘तसेच’ आणि पुढे स्वल्पविराम, हा सरळ इंग्रजी पत्रातून उचललेला साचा. मराठीत ही उभयान्वयी अव्ययं पुढच्या वाक्याला चिकटून उभी राहतात, त्यांना वेगळं तोडायची गरज नाही. ‘उदाहरणार्थ’, ‘होय’, ‘नाही’ आणि संबोधनं (‘सभासदहो,’) यांच्यापुढे मात्र स्वल्पविराम हवाच, कारण ते शब्द वाक्याच्या रचनेत बसलेलेच नसतात.

पण नुसता स्वल्पविराम काढून थांबू नका. विरोध दाखवायला मराठीजवळ ‘मात्र’ आहे, आणि तो ज्याच्याबद्दल विरोध आहे त्याच्या मागोमाग उभा राहतो. ‘लिफ्टच्या दुरुस्तीचे काम मात्र पूर्ण होऊ शकले नाही.’ बाकी सगळं झालं, हेच राहिलं, हा अर्थ ‘मात्र’च्या जागेनेच येतो. ‘मात्र, लिफ्टचे काम’ असा वाक्यारंभीचा स्वल्पविरामवाला ‘मात्र’ हल्ली बातम्यांत फार दिसतो. तो मराठी शब्द आहे, पण इंग्रजी खुर्चीत बसलेला.

दोन पूर्ण वाक्यं ‘पण’, ‘परंतु’ने जोडली तर शाळेत अर्धविराम शिकवतात : ‘निविदा आल्या; पण दर परवडणारे नव्हते.’ हा नियम बरोबर आहे. हल्ली तिथे स्वल्पविरामही चालतो आणि मी तो बदलत नाही. या लेखातही तुम्हांला तो दिसेल.

जिथे मराठीला स्वल्पविराम हवा आणि लिहिणारे देत नाहीत

आतापर्यंत काढत आलो. आता उलट गोष्ट. ‘सभासद, ज्यांनी देखभाल शुल्क भरलेले नाही, त्यांना’ हे वाक्य मराठी शब्दांचं असलं तरी हाडं इंग्रजी आहेत. आधी नाम, मग त्याचं वर्णन करणारं उपवाक्य, मग क्रियापद. मराठीत ‘जो’चं उपवाक्य आधी येतं आणि ‘तो’ त्याला नंतर उत्तर देतो. ‘ज्या सभासदांनी देखभाल शुल्क भरलेले नाही, त्यांना नवे पार्किंग स्टिकर मिळणार नाहीत.’

इथला स्वल्पविराम सांभाळण्यासारखा आहे, कारण ‘जे’ आणि ‘ते’ यांचा सांधा नेमका तिथे आहे आणि आधीचं उपवाक्य एका पूर्ण क्रियापदावर संपलेलं आहे. गंमत अशी की याच अर्थाच्या इंग्रजी वाक्यात स्वल्पविराम देत नाहीत, कारण कुठले सभासद हे ठरवणारं उपवाक्य तिथे तोडायचं नसतं. म्हणून इंग्रजी पक्कं असलेला माणूस मराठीतही इथलाच स्वल्पविराम गाळतो आणि ‘मागील वर्षी’पुढे मात्र हटकून देतो. ‘जर… तर’, ‘जेव्हा… तेव्हा’, ‘जसे… तसे’ यांचंही असंच : ‘जर निधी वेळेवर जमला, तर काम मार्चमध्ये संपेल.’ वाक्य फार छोटं असेल, ‘आलास तर ये’ एवढंच, तर नको.

कोणी काय म्हणालं

आता ‘म्हणाले की, “…”’ या प्रकरणाकडे. यात तीन गोष्टी एकदम अडकल्या आहेत.

पहिली म्हणजे ‘की’. बोलताना आपण ‘की’ म्हणून थांबतो, म्हणून हात ‘की,’ असं लिहून जातो. व्याकरणाने पाहिलं तर ‘की’ पुढच्या उपवाक्याचं दार आहे, ते आतल्या बाजूला आहे. फट दाखवायचीच असेल तर ती ‘की’च्या आधी : ‘म्हणाले, की…’. काही वृत्तपत्रं आग्रहाने असं छापतात, काही ‘की,’ छापतात. माझी पद्धत : वाक्य छोटं असेल तर कुठेच नाही, लांबलचक असेल तर आधी. तुम्ही दुसरी पद्धत घेतलीत तरी चालेल, फक्त एका अहवालात दोन्ही नकोत.

दुसरी गोष्ट अवतरणचिन्हांची. मराठीत ‘अध्यक्ष म्हणाले की मी राजीनामा देणार नाही’ असं लिहिलं, तर ‘मी’ म्हणजे अध्यक्षच, अहवाल लिहिणारे सचिव नव्हेत. ‘की’पुढे मूळ बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच राहू शकतो, इंग्रजीसारखा तो बदलावा लागत नाही. त्यामुळे ‘की’ असताना अवतरणचिन्ह लागत नाही. दोन्ही घातली की एकच काम दोघांना सांगितल्यासारखं होतं. अवतरणचिन्हं हवीत तर ‘की’ सोडा : अध्यक्ष म्हणाले, “हे काम मार्चपर्यंत पूर्ण होईल.”

पण अहवालात ती हवीत का? दुहेरी अवतरणचिन्हं म्हणजे ‘हे त्यांचेच शब्द’ असा दावा. मी सचिवांना विचारलं, “काका, अध्यक्ष हेच शब्द बोलले होते?” ते म्हणाले, “साधारण असंच. मार्च म्हणाले होते, एवढं नक्की.” मग चिन्हं काढली. मराठीची ‘असे’ ही जुनी सोय अशा वेळी सर्वांत प्रामाणिक आहे : ‘हे काम मार्चपर्यंत पूर्ण होईल असे अध्यक्षांनी सांगितले.’ आशय त्यांचा, शब्द आपले, आणि वाक्य पुन्हा क्रियापदावर येऊन थांबतं.

तिसरी गोष्ट पूर्णविरामाची. तो चिन्हाच्या आत की बाहेर? अमेरिकेतली आणि इंग्लंडमधली छपाई यावर वेगळी वागते, आपल्याकडे दोन्हींची सरमिसळ झाली आहे. मी एवढंच पाहतो : अवतरणात पूर्ण वाक्य आहे का? असेल तर त्याचा पूर्णविराम त्याच्याबरोबर आत, आणि बाहेर दुसरा देत नाही. एखादाच शब्द असेल, जसं ‘सभेने या खर्चाला “अनावश्यक” म्हटले’, तर पूर्णविराम आपल्या वाक्याचा, तो शेवटीच. अवतरण आधी आणि ‘असे’ नंतर आलं तर छापील मराठीत आतला पूर्णविराम जाऊन तिथे स्वल्पविराम येतो : “काम मार्चपर्यंत होईल,” असे ते म्हणाले. आत प्रश्नचिन्ह असेल तर स्वल्पविराम नाही.

एकेरी चिन्हं मी नावं आणि चर्चेतले शब्द यांच्यासाठी राखतो. तिथे मराठीचा एक खास प्रश्न येतो, प्रत्ययाचा. ‘पाणी वाचवा’ मध्ये असं तोडून लिहू नका. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच येतं, मधे चिन्ह आलं तरी : ‘पाणी वाचवा’मध्ये, ‘मात्र’ची, ‘की’पुढे. चिन्हाच्या आतल्या नावाचं सामान्यरूप करायचं नाही, नाव जसंच्या तसं राहतं. शब्दाला उगाच टोचून दाखवायला घातलेली चिन्हं (‘तज्ज्ञ’ कंत्राटदार) अहवालात नकोत. त्यातून कुत्सितपणा ऐकू येतो आणि सभेत त्यावरूनच वाद होतो.

प्रश्न विचारला, पण प्रश्नचिन्ह नको

‘सभासदांनी, काम कधी सुरू होणार? असा प्रश्न विचारला.’ वाक्याच्या मध्ये उभं राहिलेलं प्रश्नचिन्ह डोळ्याला सांगतं की वाक्य संपलं, आणि मग ‘असा’ अधांतरी लोंबतो. सगळं वाक्य विधान आहे. कर्ता क्रियापदाजवळ सरकवा, म्हणजे स्वल्पविरामाचीही गरज संपते : ‘काम कधी सुरू होणार असा प्रश्न सभासदांनी विचारला.’ ‘कधी’, ‘का’, ‘कसे’ हे शब्द दिसले की बोट आपोआप प्रश्नचिन्हाकडे जातं. ‘बिल का वाढले ते तपासत आहोत’ यातही प्रश्न नाही. वाक्य मोठ्याने वाचा. शेवटी आवाज खाली उतरला तर पूर्णविराम.

‘!!’बद्दल काय बोलायचं. अहवालात एकही नको. तिथे पूर्णविरामच अधिक दरडावतो.

एवढं झाल्यावर आपला परिच्छेद असा होतो :

> मागील वर्षी संस्थेने अनेक उपक्रम राबविले. यामध्ये वृक्षारोपण, रक्तदान शिबिर आणि पर्जन्यजल संधारण यांचा समावेश होता. निधीअभावी लिफ्टच्या दुरुस्तीचे काम मात्र पूर्ण होऊ शकले नाही. काम कधी सुरू होणार असा प्रश्न सभासदांनी विचारला. हे काम मार्चपर्यंत पूर्ण होईल असे अध्यक्षांनी सांगितले. ‘पाणी वाचवा’मध्ये ४२ सदनिकांनी भाग घेतला. ज्या सभासदांनी देखभाल शुल्क भरलेले नाही, त्यांना नवे पार्किंग स्टिकर मिळणार नाहीत. टीप : हिशेबाचे तक्ते सोबत जोडले आहेत.

शेवटची तपासणी पडद्यावर

‘टीपः’ ही चूक कागदावर जवळजवळ दिसत नाही. तिथे अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टाइप झाला होता. दोन्ही दोन टिंबंच, पण संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं : विसर्ग `U+0903`, अपूर्णविराम `U+003A`. ‘टीपः’ म्हणजे खरं तर ‘टीपह’. विसर्ग आधीच्या अक्षराला चिकटतो, म्हणून पुष्कळ मराठी छपाईत अपूर्णविरामाच्या आधी किंचित जागा सोडतात. मीही सोडतो. बाकी कुठल्याही चिन्हाआधी जागा नको.

शोधायला सोपं आहे. ज्या लेखन-सॉफ्टवेअरमध्ये रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे नमुन्यावरून शोधायची सूत्रं, चालतात, लिबरऑफिससारख्या, तिथे शोधात हे घाला :

```
ः(\s|$)
```

शब्दाच्या शेवटी विसर्ग आणि त्यापुढे जागा किंवा परिच्छेदाचा शेवट असलेली सगळी ठिकाणं सापडतील. ती एकेक करून पाहायची, ‘सगळे बदला’ हे बटण दाबायचं नाही. कारण ‘स्वतः’, ‘विशेषतः’, ‘क्रमशः’, ‘अंशतः’ इथला विसर्ग खरा आहे. उलट चूकही तितकीच असते, त्यासाठी दुसरा शोध :

```
[त-श]:
```

‘स्वत:’ आणि ‘क्रमश:’ असे अपूर्णविराम घालून लिहिलेले शब्द यात पकडले जातात. त्याबरोबर ‘टीप:’सारखी खरी अपूर्णविरामाची ठिकाणंही येतील, ती सोडून द्यायची. अपूर्णविराम राहिला तर छापील पानावर फरक कळत नाही, पण ‘स्वतः’ शोधणाऱ्याला तो शब्द सापडत नाही. मधल्या ‘अंत:करण’, ‘दु:ख’ यांच्यासाठी अपूर्णविरामानंतर लगेच अक्षर येतंय का ते पाहा. सचिवांच्या अहवालात अशी ‘दु:खे’ तीन निघाली, तिन्ही श्रद्धांजलीच्या ठरावात.